भिंतीच्या जागी काच कशी बसली? टोकदार कमान आणि उडता टेकू



युरोपातल्या जुन्या कॅथेड्रलचं चित्र मुलांना दाखवलं की एक प्रश्न हमखास येतो. "सर, एवढ्या उंच भिंतीत एवढ्या मोठ्या काचा? मग वरचं दगडाचं छत कशावर उभं आहे?" प्रश्न अगदी रास्त आहे. तिथे ना सिमेंट होतं, ना लोखंडी सळईचं काँक्रीट. होता फक्त दगड, चुना आणि लाकूड. तरीही 800 वर्षांपूर्वी फ्रान्समधल्या गवंड्यांनी 40 मीटरपेक्षा उंच दगडी छतं उभारली आणि दोन्ही बाजूंच्या भिंती जवळजवळ पूर्ण काचेच्या केल्या. हे कसं जमलं, ते आज एकेक पायरी करून समजून घेऊ. शेवटी वर्गात घेता येतील असे दोन प्रयोगही दिले आहेत.

पहिली गोष्ट : कमान बाहेर रेटते

आपल्या मराठवाड्यातलं माळवदाचं घर आठवा. भिंतींवर लाकडी तुळया, त्यावर किलचन आणि वर मातीचा थर. माळवद जड असतं, पण त्याचं वजन सरळ खाली जातं. तुळई भिंतीवर नुसती टेकलेली असते, ती भिंतीला बाहेर ढकलत नाही. म्हणून मातीच्या भिंतीही पिढ्यान् पिढ्या टिकतात.

कमानीचं तसं नसतं. एकमेकींना टेकवून उभ्या केलेल्या दोन शिड्या डोळ्यांसमोर आणा. वरची टोकं एकमेकींना धरून ठेवतात, पण खालचे पाय बाहेर सरकायला बघतात. फरशी गुळगुळीत असेल तर सरकतातच. कमानीतला प्रत्येक दगड शेजारच्या दगडाला असाच दाबतो, आणि हा दाब शेवटी दोन्ही बाजूंच्या भिंतींवर तिरका येऊन पडतो. तो भिंतीला खाली दाबतो आणि बाहेरही ढकलतो. या बाहेरच्या ढकलण्याला आपण 'रेटा' म्हणू.

मुलांना वाटतं, भिंत पडते ती वजनाने चिरडून. दगडी इमारतीत सहसा तसं होत नाही. दगड दाब भरपूर सोसतो. उंच दगडी भिंतीला खरा धोका असतो तो रेट्याने बाहेर कलण्याचा. भिंत जितकी उंच, तितका माथ्यावरचा रेटा तिला सहज कलंडवतो, कारण तरफ लांब होते. दाराची कडी बिजागरीपासून लांब का बसवतात, हे मुलांना माहीत असतंच. तेच तत्त्व इथे आहे.

यावर जुना आणि सोपा उपाय म्हणजे भिंतच जाड करणं. छत्रपती संभाजीनगरचा भडकल दरवाजा पाहा. मलिक अंबरने 1612 मध्ये बांधलेल्या या दरवाजाच्या कमानी टोकदार आहेत, पण त्यांच्या दोन्ही बाजूंना दगडाचं एवढं भरभक्कम बांधकाम आहे की कमानीचा रेटा त्यातच जिरून जातो. दरवाजाला खिडक्या नको असतात, म्हणून तिथे हा उपाय चालतो. प्रार्थनेच्या मोठ्या दालनात मात्र उजेड हवा. भिंत जाड केली की खिडकी लहान होते आणि आत अंधार राहतो. युरोपातल्या गवंड्यांपुढे नेमका हाच पेच होता. तो त्यांनी दोन टप्प्यांत सोडवला. आधी रेटा कमी केला, मग उरलेला रेटा भिंतीवरून उचलून बाहेर नेला.

पहिला टप्पा : टोकदार कमान

पुन्हा शिड्यांकडे येऊ. दोन्ही शिड्या पसरट ठेवल्या तर पाय लवकर घसरतात, उभ्या ठेवल्या तर कमी. कमानीचंही तसंच. कमान जितकी उभट, तितका तिचा रेटा कमी.

किती कमी, याचा अंदाज दोरीने घेता येतो. दोरी लोंबकळली की तिच्यात ताण असतो. तोच आकार उलटा केला की कमान होते आणि ताणाच्या जागी दाब येतो. समजा, दोन मुलं 2 मीटर अंतरावर दोरी धरून उभी आहेत आणि दोरीच्या मध्यावर 4 किलोचं दप्तर टांगलंय. दोरीला 1 मीटर झोळ असेल तर प्रत्येक मुलाला आत खेचणारी आडवी ओढ 2 किलोएवढी असते. झोळ अर्धा मीटर केला की ओढ 4 किलो होते. दोरी आणखी ताणून झोळ पाव मीटरवर आणला तर ओढ तब्बल 8 किलो! दप्तर तेच आणि अंतरही तेच, पण झोळ निम्मा झाला की ओढ दुप्पट होते. (हिशेब असा : वजन गुणिले अंतर, भागिले झोळाची चौपट.)

आता हे कमानीला लावू. अर्धवर्तुळाकार कमानीची उंची तिच्या रुंदीच्या बरोबर निम्मी असते. टोकदार कमान काढायची एक सोपी रीत म्हणजे रुंदीच्या दोन्ही टोकांना खिळे ठोकायचे, दोरीची लांबी रुंदीएवढीच ठेवायची आणि दोन्ही खिळ्यांवरून एकेक चाप काढायचा. चाप जिथे मिळतात ते टोक रुंदीच्या सुमारे 87 टक्के उंचीवर येतं. वजन सारखंच धरलं तर अशा कमानीचा रेटा अर्धवर्तुळाकार कमानीच्या साठ टक्क्यांहून थोडा कमी येतो. प्रत्यक्षात उभट कमानीला दगड जास्त लागतो, ती जड होते, म्हणून फायदा एवढा मोठा राहत नाही. पण फायदा होतो हे नक्की.

टोकदार कमानीचा दुसरा गुण चटकन लक्षात येत नाही, पण मोठ्या काचांसाठी तोच जास्त मोलाचा ठरला. दालनाचं छत अनेक चौकोनांत विभागलेलं असतं. समजा एक चौकोन 12 मीटर रुंद आणि 6 मीटर लांब आहे. त्यावर अर्धवर्तुळाकार कमानी टाकल्या तर 12 मीटरची कमान 6 मीटर उंच होते, भिंतीलगतची 6 मीटरची कमान फक्त 3 मीटर उंच होते आणि कोपऱ्यातून कोपऱ्यात जाणारी तिरपी कमान जवळजवळ 6.7 मीटर उंच होते. तिन्हींची उंची वेगळी! त्यांच्यावर एकसारखं छत बसवणं अवघड. शिवाय भिंतीकडची कमान बुटकी, म्हणजे तिच्याखालची खिडकीही बुटकीच.

अर्धवर्तुळाची उंची रुंदीला बांधलेली असते. टोकदार कमानीला हे बंधन नाही. रुंदी काहीही असो, चाप कमी-जास्त उभट करून टोक हव्या त्या उंचीवर नेता येतं. त्यामुळे भिंतीलगतची अरुंद कमानसुद्धा मुख्य कमानीएवढी उंच झाली आणि तिच्याखाली छतापर्यंत पोचणारी खिडकी बसवायला जागा मिळाली.

टोकदार कमान हा काही युरोपातल्या गवंड्यांचा शोध नव्हे. पश्चिम आशिया आणि इजिप्तमध्ये ती त्याआधी शेकडो वर्षं वापरात होती. कैरोची इब्न तुलून मशीद 879 मध्ये पूर्ण झाली, तिच्या कमानी टोकदार आहेत. आपल्याकडच्या भडकल दरवाजाच्या कमानीही त्याच परंपरेतल्या. युरोपातल्या गवंड्यांनी ही कमान घेतली आणि तिला फासळ्यांच्या छताची जोड दिली. छत्रीच्या काड्यांसारख्या दगडी फासळ्या आधी उभारायच्या, मग मधल्या जागा हलक्या दगडाने भरायच्या. यामुळे छताचं वजन आणि रेटा भिंतीभर न पसरता प्रत्येक चौकोनाच्या चार कोपऱ्यांत गोळा होऊ लागला. म्हणजे टेका द्यायचा तो फक्त कोपऱ्यांना. दोन कोपऱ्यांमधल्या भिंतीला काही कामच उरलं नाही!

दुसरा टप्पा : उडता टेकू

रेटा कमी झाला, कोपऱ्यांत गोळा झाला, पण नाहीसा झाला नाही. तो कोणीतरी पेलायला हवा. झुकलेल्या भिंतीला आपण काय करतो? बाहेरून तिरपा वासा लावतो, टेकू देतो. इथेही तेच केलं, पण एक अडचण होती. उंच मधल्या दालनाच्या दोन्ही बाजूंना कमी उंचीची दालनं होती. टेकू जमिनीपासून लावायचा तर तो त्या बाजूच्या दालनांच्या मधोमध आला असता.

म्हणून गवंड्यांनी बाजूच्या दालनांच्या बाहेर, मोकळ्या जागेत, जाड दगडी खांब उभे केले. त्या खांबापासून मधल्या दालनाच्या भिंतीच्या वरच्या भागापर्यंत अर्ध्या कमानीसारखा दगडी पूल टाकला. तो बाजूच्या दालनाच्या छपरावरून अधांतरी जातो, म्हणून उडता टेकू. छताचा रेटा भिंतीच्या कोपऱ्यातून या पुलावर येतो, पुलावरून बाहेरच्या खांबावर आणि खांबातून पायात उतरतो. मुलांना फळ्यावर बाण काढून दाखवा : छत, फासळी, कोपरा, उडता टेकू, बाहेरचा खांब, पाया. एवढं काढलं की मधल्या भिंतीवर एकही बाण येत नाही, हे मुलं स्वतःच सांगतात. तीच काचेची जागा.

बाहेरच्या खांबाच्या डोक्यावर दगडी टोकेरी मनोरा दिसतो. ती नुसती शोभा वाटते, पण त्याला काम आहे. रिकामी घागर बाजूने ढकलली की कलंडते, भरलेली सहज कलंडत नाही. खांबाला पुलाकडून बाजूचा रेटा येतो. वर वजन ठेवलं की तिरक्या रेट्याची दिशा खाली वळते आणि तो खांबाच्या आतूनच पायात जातो.

बऱ्याच कॅथेड्रलना एकावर एक असे दोन उडते टेकू दिसतात. खालचा छताच्या रेट्यासाठी. वरचा मुख्यतः वाऱ्यासाठी, कारण दगडी छताच्या वर लाकडाचं उंच उतरतं छप्पर असतं आणि त्यावर वारा आपटतो. वरच्या टेकूच्या पाठीवरून पावसाचं पाणी वाहून नेणारी पन्हाळही कधी कधी कोरलेली असते. ते पाणी शेवटी प्राण्यांच्या दगडी तोंडातून भिंतीपासून दूर पडतं.

काचेलाही काळजी घ्यावी लागते. रंगीत काचेचे लहान तुकडे शिशाच्या पट्ट्यांनी जोडलेले असतात. शिसं मऊ असतं, वाऱ्याने वाकतं. म्हणून खिडकीत आडव्या लोखंडी पट्ट्या आणि दगडाच्या बारीक उभ्या काड्या बसवून काचेचे लहान लहान भाग करतात. काच छताचा भार घेत नाही, पण वाऱ्याचा मार तिला सोसावाच लागतो.

टेकू चुकीच्या जागी लागला तर?

फ्रान्समधल्या आमिआं गावचं कॅथेड्रल 1220 मध्ये सुरू झालं. त्याचं छत आतून सुमारे 42 मीटर उंच आहे. तिथल्या वेदीकडच्या भागात मूळ उडते टेकू गरजेपेक्षा वर लागले होते. छताचा रेटा जिथे भिंतीला भिडतो, ती जागा त्यांच्या खाली राहिली. काही काळाने भिंत बाहेर फुगू लागली. मग पुढच्या गवंड्यांनी खालच्या उंचीवर आणखी जाड टेकूंची दुसरी रांग बांधली.

मधल्या चौकातल्या खांबांनाही तडे गेले होते. तिथे 1497 मध्ये वेगळाच उपाय केला. इमारतीच्या आतून, मधल्या उंचीवर, लोखंडी पट्ट्यांची साखळी फिरवली. लोखंड तापवून लाल केलेलं असताना जोडलं. ते थंड होताना आकसलं आणि खांब घट्ट आवळले गेले. बैलगाडीच्या चाकावर लोहार धाव कशी चढवतो ते ज्यांनी पाहिलंय त्यांना हे वेगळं सांगायला नको. तीच युक्ती!

उंचीला मर्यादा : बोव्हेची गोष्ट

आमिआंपासून जवळच बोव्हे नावाचं गाव आहे. तिथल्या लोकांनी 1225 मध्ये कॅथेड्रलचं काम सुरू केलं आणि सगळ्यांत उंच छत उभारायचं ठरवलं. 1272 मध्ये वेदीकडचा भाग पूर्ण झाला. छताची उंची सुमारे 48 मीटर. दौलताबादचा चांदमिनार साधारण 64 मीटर आहे, म्हणजे त्याच्या तीन चतुर्थांश उंचीवर दगडाचं छत! तेही बारीक खांबांवर, आणि खांबांमधली अंतरं मोठी.

बारा वर्षं ते टिकलं. 1284 मध्ये छताचा काही भाग कोसळला.

का कोसळलं, याबद्दल अभ्यासकांचं आजही एकमत नाही. कोणी वाऱ्याचा दोष मानतात, कोणी बाहेरच्या टेकूच्या खांबांमधला कच्चेपणा, तर कोणी चुना हळूहळू दबून भार सरकल्याचं सांगतात. पण त्या वेळच्या गवंड्यांनी दुरुस्ती काय केली ते आपल्याला दिसतं. त्यांनी लांब लांब असलेल्या खांबांच्या मध्ये आणखी एकेक खांब घातला. म्हणजे अंतर निम्मं केलं आणि काचेची रुंदी सोडून दिली. आज तिथे गेलं तर दोन जुन्या खांबांमधला हा नंतरचा खांब ओळखू येतो.

पुढे तिथल्या मधल्या चौकावर 153 मीटर उंच मनोरा चढवला. तो 1569 मध्ये पूर्ण झाला आणि 1573 मध्ये पडला. मनोऱ्याला चारही बाजूंनी आधार हवा होता. पण पश्चिमेकडचं लांब दालन बांधलंच गेलं नव्हतं, त्यामुळे त्या बाजूने रेटा अडवायला कोणी नव्हतं. ते दालन आजतागायत अपुरं आहे. 1960च्या दशकात टेकूंमधल्या काही जुन्या लोखंडी सळया काढल्या, तेव्हा वाऱ्यात टेकू हलू लागले, आणि मग पोलादी सळया पुन्हा घालाव्या लागल्या. म्हणजे दगडाच्या या करामतीला थोडी लोखंडाची साथही होती.

अशा इमारतीचं दुखणं कसं ओळखतात? छताच्या माथ्यावर खालच्या बाजूने लांब भेग दिसली तर समजायचं की भिंती एकमेकींपासून दूर सरकताहेत. ओळंबा सोडून पाहिला तर खांब किती कलला ते कळतं. भेगेवर चुन्याची किंवा काचेची पातळ पट्टी चिकटवतात. ती फुटली तर भेग अजून वाढतेय, शाबूत राहिली तर जुनीच आहे. जुन्या वाड्याच्या कमानीलाही ही तपासणी लागू पडते.

आपल्या जवळ कुठे पाहता येईल?

मुंबईला सहल गेली तर फोर्टमध्ये हॉर्निमन सर्कलजवळचं सेंट थॉमस कॅथेड्रल दाखवा. ते 1718 मध्ये प्रार्थनेसाठी खुलं झालं. याच चर्चजवळच्या किल्ल्याच्या दरवाजाला चर्चगेट म्हणत, तेच नाव पुढे रेल्वे स्टेशनला मिळालं. मूळ इमारत जाड भिंतींची. 19व्या शतकात तिच्यात बदल आणि वाढ झाली. बाहेरच्या अंगाला दगडी उडते टेकू दिसतात. मुलांना आत नेण्याआधी बाहेरून फेरी मारायला लावा आणि विचारा, "हा टेकू आत कोणत्या कमानीला धरून असेल?" मग आत जाऊन ती कमान शोधायला सांगा.

तिथून चालत छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला जा. तिथे टोकदार कमानी आहेत, रंगीत काचा आहेत, पाणी टाकणारी प्राण्यांची तोंडंही आहेत, पण उडत्या टेकूंच्या रांगा नाहीत. का नाहीत, हा मुलांसाठी चांगला प्रश्न आहे. उत्तराकडे नेणारी खूण : भिंती किती जाड आहेत आणि मधे किती खोल्या, किती आडव्या भिंती आहेत ते पाहा. रेटा अडवायला त्या पुरेशा असतील तर बाहेरून टेकू कशाला?

वर्गात घेता येतील असे दोन प्रयोग

प्रयोग 1 : वर सांगितलेला दोरी आणि दप्तराचा. झोळ मोजपट्टीने मोजा. काटा नसला तरी चालेल, दोरी ताणत गेलं की हाताला जाणवतंच. दोरी अगदी सरळ करायला सांगा. कितीही जोर लावला तरी ती पूर्ण सरळ होत नाही. कारण मुलांनाच शोधू द्या.

प्रयोग 2 : माणसांची कमान. सतरंजीवर साधारण सारख्या उंचीची दोन मुलं समोरासमोर उभी करा. हात वर करून तळवे एकमेकांना टेकवायचे आणि पाय हळूहळू मागे घ्यायचे. थोड्याच वेळात ती म्हणतात, "पाठ मागे जातेय." आता प्रत्येकाच्या मागे एकेक मूल उभं करा. त्याने एक पाय मागे रोवून दोन्ही हातांनी पुढच्याच्या खांद्यांना आधार द्यायचा. कमान लगेच स्थिर होते. मग आधाराचे हात कमरेवर न्यायला सांगा. आधार तेवढाच, पण खांदे पुन्हा मागे जाऊ लागतात. आमिआंचे टेकू वर लागले होते, इथे आपण मुद्दाम खाली लावले. चूक दोन्हीकडे एकच : आधार रेट्याच्या जागी नाही. गुळगुळीत फरशीवर हा प्रयोग करू नका आणि बाजूला एक मोठं माणूस उभं राहू द्या.

प्रयोग झाल्यावर मुलांना वहीत कॅथेड्रलचा उभा छेद काढून रेट्याचे बाण दाखवायला सांगा आणि जिथे बाण नाही तिथे रंगीत खडू फिरवायला सांगा. रंग जिथे भरला जातो, तिथेच गवंड्यांनी काच बसवली.